गाईडच्या एका पानाची गोष्ट: भाषा, भाग, माणसं आणि पाणी



मागच्या महिन्यात आपल्या एका सदस्याचा मुलगा ऑफिसात आला. हातात एक छापील पान होतं. दोन वर्षांपासून तो नागपूरकडून येणाऱ्या पाहुण्यांना जामसावळी फिरवतो, हिवाळ्यात संत्र्याचे बगीचे दाखवतो. आता नागपूरच्या एका टूरवाल्यानं त्याला म्हटलं, तुझी माहिती एका पानावर लिहून पाठव, पटली तर नियमित काम देतो. पोरगा म्हणाला, "काका, एकदा वाचून घ्या, शुद्धलेखन तेवढं बघा."

पानावर चार ओळी होत्या.

भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, गोंडी.
माहितीचा भाग: पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, पातालकोट, तामिया, पेंच, पचमढी.
ग्रुप: सर्व प्रकारचे.
सुरक्षा: पूर्ण काळजी घेतली जाते. बोटिंगची सोय.

शुद्धलेखन ठीक होतं. पण शेवटचे दोन शब्द वाचून मी पान खाली ठेवलं आणि त्याला बसायला सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोन तास त्या चार ओळींवर बसलो. आपल्या बऱ्याच घरची पोरं आता या कामात उतरून राहिली आहेत, म्हणून काय बोलणं झालं ते इथं लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हे पान म्हणजे नोकरीचा अर्ज नाही. टूरवाला ते वाचून ठरवतो की कोणाला तुमच्या हाती सोपवायचं. तुम्ही "पचमढी" लिहिलं तर तो साठ वर्षांच्या आजीला तुमच्यासोबत पचमढीला पाठवेल. तिथं गेल्यावर "मी एकदाच आलो होतो" म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत आपल्याला काय येतं हे लिहायचं आणि ते कुठं संपतं हेही लिहायचं.

भाषेची ओळ

मी विचारलं, "इंग्रजी किती येते?" तो म्हणाला, "समजते सगळी, बोलतो बी थोडी." मग त्यानंच एक किस्सा सांगितला. बंगळुरूची पाच माणसं घेऊन तो पातालकोटला गेला होता. वर गाडी लावली आणि उतरायला सुरुवात केली. त्यातल्या एक बाई त्याला इंग्रजीत काहीतरी बोलल्या. त्याला "गाडी" एवढा शब्द कळला, त्यानं मान हलवून "यस यस" म्हटलं. बाई सांगत होत्या की दम्याचा पंप गाडीत राहिला, आणायला थांबू का. "यस" ऐकून त्यांना वाटलं, चालतं, पुढं जाऊ. वीस मिनिटांनी त्यांना धाप लागली. नवरा धावत वर गेला, पंप घेऊन खाली आला, तोवर बाई दगडावर बसून होत्या. सुदैवानं निभावलं.

मी त्याला म्हटलं, त्या दिवशी तुझी इंग्रजी कमी पडली यात लाज नाही. पण "येत नाही" म्हटलं असतं तर त्या बाईनं नवऱ्याकडून हिंदीत सांगितलं असतं. अर्धवट येणाऱ्या भाषेत "हो" म्हणणं हे न येण्यापेक्षा वाईट.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी ठरवली. ज्या भाषेत या दहा गोष्टी न अडखळता विचारता आणि सांगता येतात, तीच भाषा "बोलतो" म्हणून लिहायची: थांबा. मागे व्हा. खाली बसा. पळू नका. कुठं दुखतं? कोणतं औषध चालू आहे? औषध सोबत आहे का? तुमच्यासोबत किती जण आहेत? पाण्यात उतरू नका. मी परत येईपर्यंत इथून हलू नका.

मराठी आणि हिंदीत तो पास झाला. घरी आजी पवारी बोलते, त्यातही पास. ती भाषा तर त्यानं लिहिलीच नव्हती, त्याला ती भाषा म्हणून लिहायची असते हेच वाटलं नाही. अरे, बगीच्यात काम करणारी अर्धी माणसं पवारी बोलतात. पाहुण्याला शेतकऱ्याशी दोन शब्द बोलायचे असले तर मधला माणूस तूच. ते लिही. गोंडीत मात्र चार शब्द येत होते, ती काढली. इंग्रजीपुढं लिहिलं: "ठरलेल्या सूचना देऊ शकतो. सविस्तर बोलण्यासाठी ग्रुपमध्ये हिंदी जाणणारा एक जण हवा." ती दहा वाक्यं त्यानं इंग्रजीत पाठ करायला घेतली आहेत.

भागाची ओळ

सात नावं होती. मी विचारलं, "या सातपैकी कुठं रात्री लाईट गेली तरी तू वाट काढशील?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सौंसर आणि पांढुर्णा." मग तेच तुझं पहिलं वाक्य.

आता जामसावळी घ्या. निजलेल्या रूपातला हनुमान बघायला लोक येतात एवढं कोणालाही माहीत आहे. जवळून ओळखतो तो गाईड पुढचं सांगतो. मंगळवार-शनिवारी आणि हनुमान जयंतीला गर्दी किती असते, म्हाताऱ्या माणसाला घेऊन कोणत्या वेळी जायचं, गाडी कुठं लावली तर कमी चालावं लागतं. आणखी एक नाजूक गोष्ट आहे. तिथं आजारी माणसांना, त्यात मनाचा आजार असलेल्यांनाही, घरचे लोक घेऊन येतात आणि काही दिवस राहतात. पाहुण्यांनी त्यांचे मोबाईलवर फोटो काढू नये हे मंदिराच्या बाहेरच सांगून ठेवावं लागतं. आत गेल्यावर सांगितलं तर उशीर होतो.

गोटमारीचंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव आमनेसामने येतात, हे बाहेरच्यांनी बातम्यांत पाहिलेलं असतं, आणि दर साली कोणीतरी फोन करतोच की आम्हाला जवळून दाखव. दर साली माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. गोफणीचा दगड पाहुणा आणि खेळणारा यात फरक करत नाही. पोरगा म्हणाला, "त्या दिवशी पैसे चांगले भेटतात काका." मी म्हटलं, भेटतात, पण तू कोणाला कुठं उभं करशील जिथं दगड येणारच नाही? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मग ठरलं: त्या दिवशी तो ग्रुप घेणार नाही. दुसऱ्या कोणत्याही दिवशी नदीवर, चंडीमातेच्या देवळापाशी नेऊन सगळी गोष्ट सांगेल. हे पानावर स्पष्ट लिहिलं.

पातालकोटला तो तीनदा गेला आहे. घोड्याच्या नालासारखी ती दरी वरून बघणं वेगळं आणि साधारण बाराशे ते पंधराशे फूट खाली उतरणं वेगळं. खोलात हिवाळ्यात ऊन लवकर सरतं. वर चार वाजता उजेड असतो म्हणून खाली बी असेल असं धरून चालणारा फसतो. खाली भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत, त्यांच्या अंगणातून वाट जाते. तिथला माणूस सोबत नसेल तर वाट चुकते आणि लोकांच्या घरात शिरल्यासारखंही होतं. तीनदा गेलेल्या माणसानं "पातालकोट चांगला माहीत" लिहू नये. आम्ही लिहिलं: "पातालकोट: वरच्या पॉइंटपर्यंत मी नेतो. खाली उतरायचं असेल तर तिथल्या गावचा वाटाड्या घेऊनच." त्याला मजुरी वेगळी द्यावी लागेल हेही लिहिलं.

पेंचमध्ये तर त्याचं चालतच नाही. तिथं गेटवर जंगल खात्याकडे नोंद असलेले, आसपासच्या गावांतले गाईड असतात, ते पाळीनं गाडीवर बसतात. बाहेरचा गाईड कितीही हुशार असला तरी आत त्याची गाईडकी नाही. पण एका कामात तो कामाचा आहे. पेंच दोन राज्यांत आहे. तुरिया आणि जमतारा मध्य प्रदेशात, खुर्सापार आणि सिल्लारी महाराष्ट्रात. बुकिंग वेगळं, नियम वेगळे. तुरिया आणि खुर्सापार तर एकमेकांपासून जवळच, त्यामुळे नागपूरचा माणूस एका गेटचं बुकिंग करून दुसऱ्या गेटवर पहाटे उभा राहतो आणि सफारी हुकते. शिवाय मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची सफारी बंद असते आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर मुख्य जंगल बंद. हे सगळं आधी सांगणारा माणूस पाहुण्याला हवाच असतो. म्हणून लिहिलं: "पेंच: बुकिंगची माहिती आणि गेटपर्यंत सोबत. आत जंगल खात्याचा गाईड." पचमढी काढून टाकलं.

सातची चार नावं झाली. पोराचा चेहरा उतरला. मी म्हटलं, टूरवाल्याकडे सात नावं लिहिणारे पन्नास जण येतात. कुठं नेत नाही हे लिहिणारा त्याला लक्षात राहतो.

ग्रुपची ओळ

"सर्व प्रकारचे" म्हणजे काहीच नाही. मी विचारलं, "एकट्यानं चालत किती माणसं सांभाळशील?" तो म्हणाला, "वीस-पंचवीस." मग आम्ही हिशेब केला. डोंगरातल्या पायवाटेवर माणसं एकामागे एक चालतात. दोघांमध्ये दोन-तीन पावलं धरली तरी पंचवीस माणसांची रांग दीडशे फुटांच्या वर जाते, आणि वळणावर पुढच्याला शेवटचा दिसतच नाही. शेवटचा माणूस बसला, घसरला, वाट चुकला, तर पुढं चालणाऱ्या गाईडला ते कळायला पाच-दहा मिनिटं लागतात.

म्हणून पायवाटेवर एकट्यानं दहा माणसं. त्यापुढं शेवटी चालणारा एक मदतनीस हवा, आणि त्या शेवटच्या माणसाच्या मागे कोणी राहायचं नाही. मोजणी तीनदा: निघताना, अर्ध्या वाटेत, आणि गाडीत बसल्यावर. गाडी हलायच्या आधी मोजायचं, हलल्यावर नाही. शाळेची सहल असेल तर मुलांच्या जोड्या लावायच्या. जोडीदार दिसला नाही तर मुलगाच ओरडून सांगतो, ही मोजणीपेक्षा लवकर कळणारी खूण आहे. बसभर मुलं घेतो, पण फक्त सपाट जागी, म्हणजे मंदिर आणि बगीचा, आणि शाळेचे शिक्षक सोबत असतील तरच. म्हाताऱ्या माणसांचा ग्रुप असेल तर दिवसाला दोनच जागा.

पाण्याची ओळ

आता "बोटिंगची सोय". ही बोट म्हणजे बापाचा डोंगा. तलावावर पाहुणे येतात, म्हणतात जरा फिरवून आणा, शंभर-दोनशे देतो. पोरगा म्हणाला, "डोंग्यात दोन माणसं, जाळं आणि मासळी घेऊन आपण रोज जातोच की. चार-पाच पाहुण्यांचं वजन काही जास्त नाही होत."

वजनाचा हिशेब त्याचा फार चुकीचा नव्हता. पण फक्त वजनानं डोंगा उलटत नाही. मासळी आणि ओलं जाळं तळाशी पडून असतं, हलत नाही, त्यानं डोंगा उलट स्थिर होतो. पाहुणा काठावर बसतो, म्हणजे तेच वजन वर जातं. मग एकाला फोटो काढायचा असतो, तो उभा राहतो. बाकीचे फोटोत यायला त्याच्या बाजूला सरकतात. एका क्षणात तीन माणसांचं वजन एका अंगाला जातं, तो काठ पाण्याला टेकतो आणि पाणी आत येतं. घाबरून सगळे दुसऱ्या अंगाला झेपावतात, आणि आत आलेलं पाणीही त्यांच्यासोबत तिकडे धावतं. डोंगा तेव्हा उलटतो. आपला माणूस डोंग्यात उभा राहायला लहानपणापासून शिकलेला असतो आणि त्याला पोहता येतं. पाहुण्याला दोन्ही येत नाही.

हे लांबचं सांगत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये शेजारच्या वरूड तालुक्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव बुडाली. नात्यातली मंडळी गाडेगावला दशक्रियेसाठी जमली होती, तिथून नावेत बसून धबधबा बघायला निघाली. ११ जणांचा जीव गेला. आपल्याकडून कितीक लोकांचे तिकडे सोयरे आहेत, तेव्हा त्या बातमीनं इथं चुली पेटल्या नव्हत्या.

आणि विम्याचंही सांगतो. मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा, मृत्यू झाला तर ५ लाखांचा, तो मच्छीमाराचा आहे. डोंग्यात बसलेल्या पाहुण्याचा नाही. तलावाचा ठेका मासळीसाठी असतो, प्रवासी फिरवायची परवानगी त्यात येत नाही. काही झालं तर पाहुण्याचं घर बुडतं आणि डोंगेवाल्याचंही.

पोरगा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मागच्या दिवाळीत मी सहा जणांना नेलं होतं काका. दोन लेकरं होती." मी काही म्हटलं नाही. त्यानंच पेन घेतलं आणि ते दोन शब्द खोडले.

"पूर्ण काळजी घेतली जाते" हेही मग बदललं. काळजी म्हणजे काय ते लिहायला सांगितलं. प्रत्येक जागेसाठी जवळचा सरकारी दवाखाना कोणता आणि सर्पदंशाची लस तिथं आहे का, हे त्यानं स्वतः विचारून वहीत लिहिलं. मोबाईलची रेंज कुठं जाते आणि कुठं परत येते ते लिहिलं, कारण १०८ ला फोन लावायला आधी रेंजमध्ये यावं लागतं. दरीच्या कड्यांना आग्या मोहोळ असतं, तिथं धूर, अत्तर आणि आरडाओरड नाही.

ओढ्या-धबधब्याचं आपल्या पोराला शिकवावं लागत नाही. इथं पाऊस नसला तरी वर झाला असेल तर पाणी येतं. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा वाहत आला, आवाज बदलला, की माणसं वर काढायची. पाणी चढलेलं दिसेपर्यंत वाट बघायची नाही.

शेवटी पान असं झालं

भाषा: मराठी, हिंदी, पवारी चांगल्या बोलतो. इंग्रजीत ठरलेल्या सूचना देतो, ग्रुपमध्ये हिंदी जाणणारा एक जण असावा.

भाग: पांढुर्णा आणि सौंसर, जामसावळी मंदिर, संत्र्याचे बगीचे चांगले माहीत. पातालकोट वरच्या पॉइंटपर्यंत, खाली तिथल्या वाटाड्यासोबत. पेंचला गेटपर्यंत. गोटमारीच्या दिवशी ग्रुप घेत नाही, इतर दिवशी जागा दाखवतो.

ग्रुप: कुटुंब, म्हातारी माणसं (दिवसाला दोन जागा), शाळा (सपाट जागी, शिक्षकांसोबत). पायवाटेवर एकट्यानं १० जण, त्यापुढं मदतनीस.

सुरक्षा: निघण्याआधी प्रत्येकाची औषधं विचारतो. माणसं तीनदा मोजतो. जवळचा दवाखाना आणि रेंजची जागा लिहून ठेवलेली आहे. पातालकोटला खालून दुपारी २ वाजता वर निघतो, काही बघायचं राहिलं तरी. मासेमारीच्या डोंग्यात कोणालाही बसवत नाही.

प्रथमोपचार शिकलो असं त्याला लिहायचं होतं. अजून शिकला नाही, म्हणून लिहिलं नाही. शिकला की तारखेसकट लिहू.

पान पाठवून आठ दिवस झाल्यावर टूरवाल्याचा फोन आला. त्यानं पहिली गोष्ट हीच विचारली, डोंग्यात का बसवत नाही, बाकीचे तर बसवतात. पोरानं त्याला काठावर बसणाऱ्या माणसांचा हिशेब समजावून सांगितला. पहिला ग्रुप ठरला आहे, नागपूरचे आठ जण, त्यात दोन आजी. जामसावळी आणि एक बगीचा.

ज्यांची पोरं हे काम करतात त्यांनी एकदा घरी त्यांचं पान वाचून घ्या. डोंगा कोणाच्या नावावर आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

आपला,
सचिव